व्याधाचा जोडीदार केवढा? तापमान, त्रिज्या आणि ताऱ्याची तेजस्विता

हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेकडे मृग नक्षत्र वर आलं की त्याच्या पोटातले तीन तारे, म्हणजे बाण, सहज ओळखता येतात. त्या बाणाची रेघ खाली आग्नेयेकडे वाढवत नेली की रेघ थेट व्याधाजवळ पोचते. रात्रीच्या आकाशातला हा सगळ्यात ठळक तारा. पण आजचा आपला धडा व्याधाबद्दल कमी आणि त्याच्या शेजारी लपलेल्या एका अगदी फिकट ताऱ्याबद्दल जास्त आहे. ताऱ्याचं तापमान आणि त्रिज्या यांवरून तेजस्विता काढायचं सूत्र तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. त्या सूत्राची खरी परीक्षा या फिकट ताऱ्यानं घेतली. त्या परीक्षेत मोठमोठे लोकही आधी चुकले.

१८४४ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्या लक्षात आलं, की व्याध आकाशात सरळ रेषेत सरकत नाही, थोडा हेलकावत जातो. म्हणजे त्याला कोणीतरी ओढतंय. १८६२ मध्ये अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क एक नवीन दुर्बीण तपासत असताना त्यांना व्याधाच्या अगदी शेजारी एक बारीक ठिपका दिसला. हाच तो ओढणारा. मोठ्याला आपण व्याध-अ म्हणू आणि जोडीदाराला व्याध-ब. दोघं एकमेकांभोवती सुमारे ५० वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. कक्षेच्या मोजमापावरून व्याध-बचं वस्तुमान जवळजवळ सूर्याइतकंच निघतं.

इथपर्यंत विशेष काही नाही. सूर्याइतकं वस्तुमान आणि प्रकाश अगदी कमी, म्हणजे तारा थंड असेल, लालसर असेल, असंच कोणालाही वाटेल. पण १९१५ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत वॉल्टर अ‍ॅडम्स यांनी व्याध-बचा वर्णपट मिळवला, आणि तो लाल ताऱ्याचा नव्हताच. तो पांढऱ्या, तापलेल्या ताऱ्याचा होता. तापलेला आहे, तरी मिणमिणता आहे. असं कसं?

या प्रश्नाचं उत्तर देणारा नियम आधी नीट समजून घेऊ.

व्हिएन्नाचे योसेफ श्टेफान यांनी १८७९ मध्ये मोजमापांवरून आणि त्यांचे विद्यार्थी लुडविग बोल्ट्झमान यांनी १८८४ मध्ये सिद्धान्तावरून दाखवलं, की तापलेल्या कृष्णवस्तूच्या प्रत्येक चौरस मीटरमधून दर सेकंदाला बाहेर पडणारी ऊर्जा ही तिच्या तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. तारा म्हणजे जवळपास गोल. गोलाचं क्षेत्रफळ 4πR². मग संपूर्ण ताऱ्याची तेजस्विता, म्हणजे तो दर सेकंदाला बाहेर टाकत असलेली एकूण ऊर्जा, अशी:

```
L = 4πR² · σT⁴
σ = 5.67 × 10⁻⁸ W m⁻² K⁻⁴
```

सूत्राचे दोन भाग मुद्दाम वेगळे ठेवून वाचा. σT⁴ म्हणजे एका चौरस मीटरची कमाई. 4πR² म्हणजे असे किती चौरस मीटर आहेत ते. तारा फिकट असेल तर या दोहोंपैकी काहीतरी लहान असलंच पाहिजे. त्रिज्या दुप्पट केली तर तेजस्विता चौपट होते, पण तापमान दुप्पट केलं तर सोळापट. म्हणून तापमानाला या सूत्रात फार मान आहे, आणि तापमान चुकलं तर सगळंच बिघडतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सूर्यावर एकदा सूत्र चालवून पाहू. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान ५,७७२ केल्विन, त्रिज्या ६,९५,७०० किमी.

```
σT⁴  = 5.67×10⁻⁸ × (5772)⁴       = 6.29×10⁷ W/m²
4πR² = 4 × 3.1416 × (6.957×10⁸)² = 6.08×10¹⁸ m²
L    = 3.83×10²⁶ W
```

सूर्याचा एकेक चौरस मीटर सव्वासहा कोटी वॅटपेक्षा जास्त शक्तीनं ऊर्जा सोडतोय. (इथे एक नेहमीचा घोटाळा सांगून ठेवतो. तापमान केल्विनमध्येच घ्यायचं. सूर्य गरमच आहे, २७३नं काय फरक पडतो, असं म्हणून कोणी सेल्सिअसमधले ५,४९९ घातले, तर उत्तर सुमारे १८ टक्क्यांनी कमी येतं. चौथ्या घाताची ही करामत!)

दुसऱ्या ताऱ्यांसाठी दर वेळी σ आणि π घेऊन बसायची गरज नाही. ताऱ्याच्या सूत्राला सूर्याच्या सूत्रानं भागा. स्थिरांक उडून जातात:

```
L/L☉ = (R/R☉)² × (T/T☉)⁴
```

आता व्याध-अ घेऊ. त्याची त्रिज्या थेट मोजता येते, हे आपलं नशीब. तो आपल्यापासून फक्त ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे, आणि त्याच्या तबकडीचा कोनीय व्यास सुमारे ६ मिली-विकला आहे. एक मिली-विकला म्हणजे एका अंशाचा छत्तीस लाखावा भाग. साध्या दुर्बिणीतून इतकी बारीक तबकडी दिसत नाही. दोन दूरदूर ठेवलेल्या आरशांवर आलेल्या प्रकाशाची तुलना करून ती मोजतात. १९५६ मध्ये हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी सर्चलाइटचे जुने आरसे वापरून व्याधाचा व्यास असाच मोजला होता. यातले हॅनबरी ब्राउन निलगिरीतल्या अरुवनकाडूला जन्मलेले, हे जाता जाता. कोनीय व्यास आणि अंतर यांवरून त्रिज्या येते १.७१ सूर्यत्रिज्या. वर्णपटावरून तापमान येतं सुमारे ९,९४० केल्विन.

```
T/T☉ = 9940/5772 = 1.722
L/L☉ = (1.71)² × (1.722)⁴ = 2.92 × 8.79 ≈ 25.7
```

म्हणजे व्याध-अ सूर्याच्या साधारण पंचवीस पट तेजस्वी. त्यातली जवळजवळ नऊपट तापमानाची करणी, आणि तीनपटीला थोडी कमी त्रिज्येची.

आता व्याध-ब. इथे त्रिज्या मोजता येत नाही, तबकडी फार म्हणजे फारच लहान आहे. म्हणून सूत्र उलटं फिरवायचं. तेजस्विता आणि तापमान माहीत असेल तर त्रिज्या अशी:

```
R/R☉ = √(L/L☉) ÷ (T/T☉)²
```

तेजस्विता कुठून आणायची? दोन्ही तारे एकाच जोडीतले, म्हणजे आपल्यापासून सारख्याच अंतरावर. त्यामुळे एक दुसऱ्यापेक्षा जितक्या पट फिकट दिसतो तितक्याच पट तो खरोखर फिकट आहे, अंतराची भानगड मध्ये येत नाही. व्याध-अची दृश्य प्रत -१.४६ आहे, व्याध-बची ८.४४. फरक ९.९ प्रतींचा. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट, या हिशेबानं व्याध-ब हा व्याध-अपेक्षा सुमारे ९,१०० पट फिकट दिसतो. मग त्याची तेजस्विता २५.७ भागिले ९,१००, म्हणजे सूर्याच्या ०.००२८ पट.

तापमान? अ‍ॅडम्स यांच्या वर्णपटावरून तेव्हा ते ८,००० केल्विनच्या आसपास धरलं गेलं.

```
T/T☉ = 8000/5772 = 1.386,   (1.386)² = 1.92
R/R☉ = √0.0028 ÷ 1.92 ≈ 0.0276
R ≈ 19,000 km
```

सूर्याइतकं वस्तुमान, आणि त्रिज्या पृथ्वीच्या फक्त तिप्पट! १९२४ मध्ये आर्थर एडिंग्टन यांनी जवळपास हीच त्रिज्या धरली होती. यातून घनता निघाली पाण्याच्या पन्नास हजार पट. असा पदार्थ कोणी कधी पाहिलेला नव्हता. साहजिकच शंका आली, की हा निष्कर्ष खरा की हिशेबातच कुठेतरी खोट आहे?

एडिंग्टन यांनी यावर स्वतंत्र तपासणी सुचवली. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तानुसार जड आणि लहान ताऱ्यातून निघणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा त्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणातून बाहेर पडताना थोडी खर्च होते, आणि वर्णपटातल्या रेषा लाल बाजूला सरकतात. याला गुरुत्वीय ताम्रसृती म्हणतात. वस्तुमान तेच ठेवून तारा जितका लहान, तितकी ही सरक जास्त. १९,००० किमी त्रिज्येसाठी ती सेकंदाला सुमारे २० किमी वेगाइतकी यायला हवी. १९२५ मध्ये अ‍ॅडम्स यांनी मोजली, आणि आकडा जवळजवळ तेवढाच आला. सगळीकडे आनंदीआनंद. सूत्र बरोबर, सिद्धान्त बरोबर, त्रिज्या बरोबर.

फक्त त्रिज्या बरोबर नव्हती. मापही नव्हतं.

काय झालं होतं? व्याध-अ इतका झगझगीत आहे, की त्याचा विखुरलेला प्रकाश दुर्बिणीत शेजारच्या व्याध-बच्या प्रकाशात मिसळतो. मोटारीच्या दिव्याशेजारी ठेवलेल्या पणतीचा रंग दुरून सांगायचा, तसं हे काम आहे. जो वर्णपट पणतीचा म्हणून वाचला, त्यात मोटारीच्या दिव्याची मोठी भेसळ होती. म्हणून तो व्याध-अच्या वर्णपटासारखा दिसत होता, तापमान कमी वाटलं, आणि ताम्रसृतीही कमी मोजली गेली. दोन चुका एकमेकींना साक्ष देत उभ्या राहिल्या! दोन मापं जुळली म्हणून दोन्ही खरी, असं नसतं. दोन्ही एकाच गढूळ पाण्यातून भरलीत का, ते आधी बघावं लागतं.

भेसळ आहे हे ओळखायचं कसं? कक्षेत दोन्ही ताऱ्यांमधलं अंतर कमी-जास्त होत राहतं. जोडीदार लांब गेलेला असताना वर्णपट घ्यायचा, किंवा वातावरणाच्या वर जाऊन अशा तरंगलांबीत बघायचं जिथे व्याध-अ तितका आंधळं करत नाही. हबल दुर्बिणीनं हे केलं, आणि भेसळ काढल्यावर व्याध-बचं तापमान निघालं सुमारे २५,३७० केल्विन. आठ हजार कुठे, पंचवीस हजार कुठे!

आता तुम्ही म्हणाल, मग काय, नवीन तापमान जुन्या सूत्रात घालू. घाला बघू:

```
T/T☉ = 25370/5772 = 4.395,   (4.395)² = 19.3
R/R☉ = √0.0028 ÷ 19.3 ≈ 0.00274
R ≈ 1,900 km
```

चंद्रापेक्षा थोडा मोठा तारा! हे उत्तरसुद्धा चूक आहे, आणि या वेळी तापमान बरोबर असूनही. जरा थांबून विचार करा, चूक कुठे असेल?

चूक ०.००२८ या आकड्यात आहे. सूत्रातला L म्हणजे ताऱ्यातून निघणारी सगळी ऊर्जा, सगळ्या तरंगलांबींची मिळून. आपण मात्र तो आकडा दृश्य प्रतीवरून, म्हणजे फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावरून काढला. दोन्ही ताऱ्यांची तापमानं जवळपास सारखी असती, तर हे चाललं असतं, कारण दोघांच्या ऊर्जेतला दृश्य प्रकाशाचा वाटा सारखाच राहिला असता. आठ हजाराच्या हिशेबात म्हणूनच हे खटकलं नाही. पण पंचवीस हजार केल्विनच्या कृष्णवस्तूचं सगळ्यात जास्त उत्सर्जन ११४ नॅनोमीटरच्या आसपास होतं. ते अतिनील, आणि आपलं वातावरण ते अडवून टाकतं. दृश्य प्रकाश साधारण ४०० नॅनोमीटरपासून सुरू होतो. व्याध-ब आपली बहुतेक ऊर्जा आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात उधळतोय.

हे चौथ्या घाताशी जोडून बघा. दोघांचा एकेक चौरस मीटर घेतला, तर व्याध-बचा चौरस मीटर व्याध-अच्या चौरस मीटरपेक्षा एकूण सुमारे ४२ पट ऊर्जा सोडतो. २५,३७० भागिले ९,९४० करा, चौथा घात काढा, तेवढाच येतो. पण त्याच दोन कृष्णवस्तूंची तुलना फक्त हिरव्या-पिवळ्या प्रकाशात केली, तर फरक सातेक पटच भरतो. चौथ्या घाताचा नियम एकूण ऊर्जेला लागू होतो, एखाद्या रंगाला नाही. पाठ करून सूत्र लिहिणारे नेमके इथे अडकतात.

म्हणून दृश्य तेजावर दुरुस्ती करावी लागते. वर्णपटाचा आकार आणि तापमान यांवरून न दिसणाऱ्या प्रकाशाचा वाटा काढून मिळवायचा. तसं केलं की व्याध-बची एकूण तेजस्विता सूर्याच्या ०.०२४५ पट येते. म्हणजे डोळ्यांना जो नऊ हजार पट फिकट दिसतो, तो एकूण ऊर्जेत जेमतेम हजार पट फिकट आहे.

```
R/R☉ = √0.0245 ÷ 19.3 ≈ 0.0081
R ≈ 5,640 km
```

पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी. म्हणजे सूर्याइतकं वस्तुमान पृथ्वीपेक्षाही लहान गोळ्यात कोंबलेलं आहे. व्याध-बचं वस्तुमान १.०२ सूर्य धरून घनता काढली, तर एका घन सेंटीमीटरला २.७ टन येते. साखरेच्या खड्याएवढा तुकडा आणि वजन भरलेल्या टेम्पोचं. एडिंग्टनच्या काळात पन्नास हजार पट ऐकून लोक चक्रावले होते, खरा आकडा पाण्याच्या सत्तावीस लाख पट निघाला. अशा ताऱ्यांना आपण आज श्वेत बटू म्हणतो.

आणि ताम्रसृती? ५,६४० किमी त्रिज्येसाठी ती सेकंदाला सुमारे ८० किमी यायला हवी. १,९०० किमी खरी असती, तर २३५च्या आसपास आली असती. हबलनं घेतलेल्या स्वच्छ वर्णपटातून मोजलेली सरक ८०च्या जवळ आहे. या मोजणीत ना प्रत लागते, ना चौथा घात. म्हणून ही साक्ष खरोखर स्वतंत्र.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य आता काढा. तापमानात एक टक्का चूक झाली तर तेजस्वितेत चार टक्के चूक होते. सूत्र उलटं करून त्रिज्या काढताना तीच चूक दोन टक्के होते, कारण तिथे तापमानाचा वर्ग आहे. त्रिज्या काढणं त्या मानानं सोपं, पण तापमान तिप्पट चुकलं तर दुप्पटही कामाला येत नाही. त्रिज्या नऊपट हलते.

एक मर्यादाही सांगायला हवी. ताऱ्याला जमिनीसारखा कडक पृष्ठभाग नसतो. आपण ज्याला पृष्ठभागाचं तापमान म्हणतो ते खरं तर या सूत्रातूनच ठरवलेलं असतं, म्हणजे तेवढ्याच आकाराची आणि तेवढीच ऊर्जा टाकणारी कृष्णवस्तू ज्या तापमानाची असेल ते. त्याला परिणामी तापमान म्हणतात. रंगावरून काढलेलं तापमान त्याच्याशी अगदी जुळेलच असं नाही. व्याधासारख्या ताऱ्यांत कडा बऱ्यापैकी स्पष्ट असते, म्हणून फारसं बिघडत नाही. पण त्याच मृगातल्या काक्षीसारख्या फुगलेल्या लाल ताऱ्याची कडाच विरविरीत आहे. वेगवेगळ्या तरंगलांबींत तिची त्रिज्या वेगवेगळी भरते, आणि वर तिच्याभोवती धूळही आहे. तिथे R म्हणजे नक्की कुठपर्यंत, हे ठरवण्यातच अर्धं काम जातं.

आता एक हिशेब तुमच्यासाठी. व्याध-बच्या पोटात आता अणुभट्टी नाही, तो नुसता निवतोय. श्वेत बटूची गंमत अशी, की निवताना तो फारसा आकसत नाही, त्रिज्या जवळजवळ तीच राहते. मग त्याचं तापमान आजच्या निम्मं, म्हणजे साधारण १२,७०० केल्विन होईल, तेव्हा त्याची तेजस्विता सूर्याच्या किती पट उरेल? आणि तेव्हा तो दृश्य प्रकाशातही तितक्याच पटीनं फिकट झालेला दिसेल का, की कमी पटीनं? दुसऱ्या प्रश्नाला गणित करायच्या आधी फक्त कारण लिहा.